कोनमध्ये किती, कोनवर किती

दहावीच्या भूमितीत 'महत्त्वमापन' नावाचे प्रकरण आहे. त्यात एक आकृती हमखास भेटते: खाली टोकदार शंकू आणि वर त्याच्याच तोंडाइतका रुंद अर्धगोल. आइस्क्रीमचा कोन. त्याबद्दल विचारतात दोनच गोष्टी, घनफळ आणि पृष्ठफळ. दोन्ही आकारांची सूत्रे तोंडपाठ असली तरी दुसऱ्या प्रश्नात गाडी अडते. याचे कारण साधे आहे. दोन घनाकृती एकमेकींना जोडल्या की त्यांच्या घनफळांची सरळ बेरीज करता येते. पृष्ठफळाची तशी बेरीज करता येत नाही, कारण जोडाच्या जागचा पृष्ठभाग आत दडून जातो. एवढी एक गोष्ट नीट कळली की ही आकृती पाठांतराची राहत नाही.

त्यासाठी एक नेमका कोन घेऊ. तोंडाचा व्यास ५ सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या २.५ सेंटिमीटर. शंकूची उंची, टोकापासून तोंडाच्या मध्यबिंदूपर्यंत सरळ मोजलेली, १२ सेंटिमीटर. वर तेवढ्याच त्रिज्येचा अर्धगोल. अर्धगोलाची उंची म्हणजे त्याची त्रिज्याच, त्यामुळे टोकापासून शेंड्यापर्यंत सगळा कोन १४.५ सेंटिमीटर भरतो. हातात धरायच्या कोनची मापे साधारण अशीच असतात.

आधी शंकू पाहू. याच त्रिज्येचा आणि याच उंचीचा सरळ उभा डबा घेतला, तर तो शंकूने तीनदा रेती भरून ओतल्यावर काठोकाठ भरतो. शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग करून दाखवतात आणि तो पाहिलेला माणूस सूत्रातले 'एक तृतीयांश' कधी विसरत नाही. डब्याला गणितात वृत्तचिती म्हणतात. तिचे घनफळ πr²h, म्हणून शंकूचे ⅓πr²h. आपल्या कोनसाठी त्रिज्येचा वर्ग ६.२५, त्याला १२ ने गुणून ३ ने भागले की २५ येतात, आणि २५π म्हणजे सुमारे ७८.५ घन सेंटिमीटर. एक घन सेंटिमीटर म्हणजेच एक मिलिलिटर, त्यामुळे शंकूत ७८.५ मिलिलिटर मावते असेही म्हणता येईल.

शंकूचे हे गणित आपल्याकडे खळ्यावर फार पूर्वीपासून होते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० च्या सुमारास, धान्याच्या राशीचे घनफळ काढायची रीत दिली आहे. जमिनीवर ओतलेल्या धान्याची रास शंकूसारखी होते. तिच्या मध्यावरची त्रिज्या मोजायला रास फोडावी लागेल, पण भोवतीचा घेर दोरीने सहज मोजता येतो. म्हणून रीत अशी: घेराला सहाने भागा, आलेल्या संख्येचा वर्ग करा आणि राशीच्या उंचीने गुणा. π ची किंमत ३ धरली तर घेर त्रिज्येच्या सहापट होतो, मग घेराचा सहावा भाग म्हणजे त्रिज्याच, आणि उत्तर त्रिज्येचा वर्ग गुणिले उंची एवढे येते. शंकूच्या सूत्रात π च्या जागी ३ घाला, त्या तिनाशी एक तृतीयांश कटतो आणि नेमके हेच उरते. रास भिंतीला टेकलेली असेल किंवा कोपऱ्यात असेल तर काय करायचे, तेही त्याच प्रकरणात सांगितले आहे.

आता वरचा अर्धगोल. त्याचे घनफळ ⅔πr³. हे दोन तृतीयांश कुठून आले, हे पाहायला पुन्हा डबाच मदतीला येतो, पण या वेळी तो बुटका आहे: त्रिज्या २.५ आणि उंचीही २.५ सेंटिमीटर. या भरीव डब्यातून एक शंकू कोरून काढा. शंकूचे टोक डब्याच्या तळाच्या मध्यावर आणि तोंड डब्याच्या वरच्या कडेला भिडलेले. या कोरलेल्या डब्याशेजारी अर्धगोल पालथा ठेवा, सपाट बाजू खाली. आता दोन्ही आकार जमिनीपासून दीड सेंटिमीटर उंचीवर आडवे कापा.

अर्धगोलाची कापलेली चकती पूर्ण वर्तुळ असते. पायथागोरसच्या नियमाने तिच्या त्रिज्येचा वर्ग म्हणजे २.५ च्या वर्गातून १.५ चा वर्ग वजा, म्हणजे ६.२५ वजा २.२५, बरोबर ४. चकतीचे क्षेत्रफळ ४π. कोरलेल्या डब्याच्या कापात मात्र मध्ये भोक असते. शंकू उंचीइतकाच रुंद होत जातो, म्हणून दीड सेंटिमीटरवर भोकाची त्रिज्या दीड. बाहेरचे वर्तुळ ६.२५π, भोक २.२५π, उरलेले कडे ४π. दोन्ही क्षेत्रफळे तंतोतंत सारखी. दीडऐवजी कोणतीही उंची घ्या, हेच घडते, कारण दोन्हीकडे एकच वजाबाकी आहे. प्रत्येक उंचीवरचा काप सारखा असेल तर दोन्ही आकारांचे घनफळही सारखेच. हे तत्त्व इटलीचा गणिती कॅव्हालिएरी याच्या नावाने ओळखले जाते. त्याचा ग्रंथ १६३५ मध्ये छापला गेला. डब्यातून शंकू, म्हणजे एक तृतीयांश, निघून गेला. उरले दोन तृतीयांश, आणि तेवढाच अर्धगोल.

म्हणजे त्रिज्येएवढीच उंची असलेला शंकू, अर्धगोल आणि डबा यांची घनफळे एकास दोनास तीन या प्रमाणात असतात. गोल आणि त्याला घट्ट बसणारा डबा यांचे हे दोनास तीन प्रमाण आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिद्ध केले. ही आकृती आपल्या थडग्यावर असावी अशी त्याची इच्छा होती. इसवी सनापूर्वी ७५ मध्ये सिसेरो सिसिलीत अधिकारी होता, तेव्हा झुडपांत हरवलेले ते थडगे त्याने याच गोल आणि डब्याच्या खुणेवरून ओळखले.

आपल्या अर्धगोलाचे घनफळ येते सुमारे ३२.७ घन सेंटिमीटर. शंकूचे ७८.५ मिळवले की एकूण १११.२, दशांशाची पुढची घरे धरली तर १११.३ मिलिलिटर. यातला एक तपशील डोळ्यांना फसवतो. अर्धगोलाची उंची सगळ्या कोनच्या जेमतेम सहाव्या भागाएवढी आहे, पण आइस्क्रीम जवळजवळ ३० टक्के त्यात आहे. शंकू खाली निमुळता होत जातो, त्यामुळे त्याच्या लांबीचा मोठा भाग अगदी थोडे आइस्क्रीम धरतो. शंकूच्या खालच्या अर्ध्या उंचीत त्याच्या घनफळाचा फक्त आठवा भाग, म्हणजे दहा मिलिलिटरही नसते. उंची निम्मी झाली की त्रिज्याही निम्मी होते आणि घनफळ निम्म्याच्या निम्म्याच्या निम्मे उरते.

घनफळाचे इथे संपले. पृष्ठफळासाठी तयार मिळणारा एखादा कोन घ्या आणि त्याचे कागदी आवरण शिवणीवरून अलगद सोडवून टेबलावर पसरा. चिकटवलेली पट्टी आणि वरची झाकणाची टिकली सोडली तर समोर वर्तुळाची एक पाकळी येते. पाकळीच्या दोन सरळ कडा म्हणजे कोनची तिरकस बाजू. वक्र कड म्हणजे तोंडाचा घेर. तिरकस बाजूला तिरकस उंची म्हणतात आणि ती l या अक्षराने दाखवतात. शंकूचे वक्रपृष्ठफळ म्हणजे या पाकळीचे क्षेत्रफळ. पाकळीचे क्षेत्रफळ वक्र कडेच्या आणि त्रिज्येच्या गुणाकाराच्या निम्मे असते. वक्र कड 2πr, पाकळीची त्रिज्या l, म्हणून निम्मे म्हणजे πrl. सूत्रात उभी उंची का नाही, तिरकसच का, याचे उत्तर टेबलावर पडलेल्या कागदातच आहे: त्या कागदावर उभी उंची कुठेच नाही.

आपल्या कोनची तिरकस उंची काढायला त्रिज्या आणि उंची यांचे वर्ग मिळवायचे: ६.२५ अधिक १४४, म्हणजे १५०.२५, त्याचे वर्गमूळ सुमारे १२.२६. त्यावरून वक्रपृष्ठफळ सुमारे ९६.३ चौरस सेंटिमीटर.

अर्धगोलाचा कागद असा सपाट पसरत नाही. कितीही काळजीने लावला तरी त्याला चुण्या पडतात. तिथे दोऱ्याचा प्रयोग कामी येतो. चेंडू मधोमध कापून त्याच्या अर्ध्या भागावर शेंड्यापासून कडेपर्यंत जाडसर दोरा एकाला एक लावून गुंडाळायचा. मग तोच दोरा सोडून, चेंडूच्या त्रिज्येएवढ्या वर्तुळावर तसाच गुंडाळायचा. एक वर्तुळ भरते आणि अर्धा दोरा हातात उरतो. दुसरे वर्तुळ भरले की दोरा संपतो. म्हणून अर्धगोलाचे वक्रपृष्ठफळ 2πr², दोन वर्तुळांएवढे. पूर्ण गोलाला चार वर्तुळे, हा नियम 'लीलावती'तही आहे. आपल्या कोनवर हे सुमारे ३९.३ चौरस सेंटिमीटर होते. दोन्ही मिळून १३५.५ चौरस सेंटिमीटर, आणि हेच आकृतीचे एकूण पृष्ठफळ.

जोडाचे वर्तुळ या हिशेबात कुठेही आले नाही. शंकूच्या तोंडाचे वर्तुळ आणि अर्धगोलाच्या तळाचे वर्तुळ एकमेकांवर बसले आहेत. बाहेरून मुंगी फिरली तर तिचा पाय त्यांच्यावर कधी पडणार नाही. पृष्ठफळ म्हणजे मुंगीला फिरता येईल तेवढीच जागा. परीक्षेत होणारी सगळ्यात मोठी चूक इथली आहे. भरीव शंकूचे एकूण पृष्ठफळ आणि भरीव अर्धगोलाचे एकूण पृष्ठफळ अशी दोन पाठ सूत्रे वापरून बेरीज केली, की जोडाचे वर्तुळ दोनदा मोजले जाते. आपल्या कोनमध्ये उत्तर १७४.८ येते, म्हणजे ३९.३ ने जास्त. ही वाढ नेमकी वरच्या अर्धगोलाएवढी आहे, कारण अर्धगोलाचा पृष्ठभागही दोन वर्तुळांचाच. चूक करणाऱ्याने जणू एकावर एक असे दोन अर्धगोल मोजले.

दुसरी चूक उंचीची. प्रश्नात कधी शंकूची उंची देतात, कधी सगळ्या आकृतीची. १४.५ ही संख्या शंकूची उंची समजून वापरली तर शंकूत १६ मिलिलिटर आइस्क्रीम जास्त येते. सगळी उंची दिली असेल तर त्यातून आधी त्रिज्या वजा करायची, हे आकृती काढली की आपोआप सुचते. तिसरी चूक तिरकस उंचीच्या जागी उभी उंची वापरण्याची, आणि ती सहज पकडली जात नाही. आपल्या सडपातळ कोनमध्ये ९६.३ ऐवजी ९४.२ येतात, फरक इतका थोडा की उत्तर बरोबरच वाटते. तोंड दुप्पट रुंद, म्हणजे १० सेंटिमीटर व्यासाचे केले, तर तिरकस उंची बरोबर १३ होते आणि याच चुकीने सुमारे १६ चौरस सेंटिमीटरचा घाटा होतो. पडताळा सोपा आहे: तिरकस उंची उभ्या उंचीपेक्षा मोठीच असली पाहिजे. पुस्तकात उभी उंची दिलेली असते. खरा कोन हातात घेऊन पट्टी लावली तर मात्र मिळते ती तिरकस उंची, आणि उभी उंची काढावी लागते.

व्यास आणि त्रिज्या यांची अदलाबदल झाली तर शंकू चौपट आणि अर्धगोल आठपट होतो, आणि उत्तर ५७६ मिलिलिटर येते. असे उत्तर पकडायला एक ढोबळ कसोटी ठेवावी. कोन ज्यात उभा मावेल अशा ५ सेंटिमीटर व्यासाच्या आणि १४.५ सेंटिमीटर उंचीच्या डब्यात सुमारे २८५ मिलिलिटर मावते. कोनचे उत्तर त्यापेक्षा कमी आणि त्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा, म्हणजे ९५ पेक्षा, जास्त हवे. १११ या दोन संख्यांच्या मध्ये बसते.

आता पुस्तक बाजूला ठेवून खऱ्या कोनकडे येऊ. पुस्तकातल्या शंकूला भिंतीची जाडी नसते. खऱ्या वेफरला असते. ती २ मिलिमीटर धरू आणि वर घेतलेली मापे बाहेरची समजू. आतला शंकू बाहेरच्यासारखाच, फक्त लहान होतो: त्याच्या तोंडाची त्रिज्या २.५ वरून सुमारे २.३ वर येते आणि उंची १२ वरून ११ वर. त्रिज्या दोन ठिकाणी आणि उंची एका ठिकाणी अशी ही घट तीनदा गुणली जाते, आणि ७८.५ चे जेमतेम ६१ मिलिलिटर उरतात. दोन मिलिमीटरच्या वेफरने शंकूची जवळजवळ पाव जागा खाल्ली.

हाच अंदाज पृष्ठफळावरून चुटकीसरशी लागतो. पातळ थराचे घनफळ म्हणजे साधारण पृष्ठफळ गुणिले जाडी. ९६.३ ला ०.२ ने गुणले की १९ मिलिलिटर. प्रत्यक्षात वेफर १८ च्या आसपास आहे. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा लहान असल्यामुळे अंदाज थोडा जास्त येतो. तयार कोनमध्ये वेफर ओला होऊन मऊ पडू नये म्हणून आतून चॉकलेटचा थर देतात. आतले वक्रपृष्ठफळ सुमारे ८१ चौरस सेंटिमीटर आहे. थर अर्धा मिलिमीटर धरला तर एका कोनला सुमारे ४ मिलिलिटर चॉकलेट लागेल. किती आइस्क्रीम मावेल हे घनफळ सांगते; किती वेफर, किती चॉकलेट, किती कागद लागेल हे पृष्ठफळ सांगते. त्या दोघांना जोडणारी गोष्ट म्हणजे जाडी.

शेवटचा प्रश्न मुलांचा नेहमीचा आहे. रिकाम्या कोनच्या तोंडावर आइस्क्रीमचा पूर्ण गोल गोळा ठेवला आणि तो तिथेच वितळला, तर सगळे कोनमध्ये मावेल की हातावर ओघळेल? गोळ्याची त्रिज्या कोनच्या तोंडाएवढी धरू. गोळा (4/3)πr³, शंकू ⅓πr²h. दोन्ही बरोबरीचे व्हायला शंकूची उंची त्रिज्येच्या चौपट हवी. आपल्या कोनला १० सेंटिमीटर पुरले असते, आणि तो १२ सेंटिमीटर आहे. गोळा ६५.४ मिलिलिटर, शंकू ७८.५. पुस्तकाच्या हिशेबाने मावते. वेफरची जाडी धरली की शंकू ६१ वर येतो आणि चार मिलिलिटर ओघळ ठरलेला.

पण गोळा नुसत्या दुधा-साखरेचा नसतो. आइस्क्रीम घोटताना त्यात हवा भरली जाते आणि तिनेच ते मऊ होते. आइस्क्रीमच्या मिश्रणाचे वजन लिटरला सुमारे १.१ किलो असते. देशाच्या अन्नसुरक्षा नियमांत आइस्क्रीमचे वजन लिटरला किमान ५२५ ग्रॅम असावे असे म्हटले आहे, म्हणजे या किमान मर्यादेवरच्या आइस्क्रीममध्ये निम्म्याहून थोडी जास्त जागा हवेची असू शकते. तसा आपला गोळा साधारण ३४ ग्रॅमचा भरेल आणि सगळी हवा निघून गेली तर त्याचा रस सुमारे ३१ मिलिलिटर, म्हणजे कोन अर्धाच भरेल. हवा कमी असलेल्या घट्ट आइस्क्रीमचा रस जास्त निघतो. शिवाय वितळताना हवा लगेच निघत नाही, काही काळ फेस टिकून राहतो, त्यामुळे प्रत्यक्ष उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी पडते. म्हणून आवरणावर मिलिलिटर आणि ग्रॅम दोन्ही छापलेले असतील तर दोन्ही वाचावेत. मिलिलिटर हे शंकू आणि अर्धगोल यांचे माप आहे, आणि त्या आकारात प्रत्यक्ष खाण्याजोगे किती भरले आहे ते ग्रॅमवरून कळते.